सॉफ्टवेअर लायसन्सचा गोषवारा: सीट किती आणि मोजायच्या कशा

सॉफ्टवेअर लायसन्सचा गोषवारा म्हणजे लांबलचक करारातून आयटी मॅनेजरला रोजच्या कामात लागणाऱ्या चार गोष्टींची एक-दोन पानांत बसणारी नोंद. सीट किती घेतल्या आहेत, नूतनीकरण कधी आहे, विक्रेत्याला तपासणीचा म्हणजे ऑडिटचा हक्क कितपत आहे आणि सॉफ्टवेअर कोणी, कुठे, किती वापरायचे यावर कोणती बंधने आहेत, एवढेच तिच्यात असते. मूळ करार कायदा विभागाच्या कपाटात असतो किंवा खरेदी विभागाच्या ईमेलमध्ये. नव्या माणसाला लॉगिन द्यायचे, सर्व्हर बदलायचा किंवा कंत्राटदाराला प्रणाली उघडून द्यायची, हे निर्णय मात्र मॅनेजरच्या टेबलावर होतात आणि त्या वेळी साठ पाने कोणी वाचत नाही. सातबाऱ्यावर मालकाचे नाव आणि क्षेत्र सगळेच वाचतात; जमीन घेणारा जाणकार मात्र आधी इतर अधिकारांचा रकाना पाहतो, कारण बोजा तिथे लिहिलेला असतो. गोषवाऱ्यात तपासणीचा हक्क आणि वापराच्या मर्यादा यांचे काम तेच असते.

गोषवारा काढणाऱ्याची पहिली अडचण अशी की करार हा एक कागद नसतो. मोठ्या विक्रेत्यांकडे सर्वसाधारण अटींचा एक मूळ करार असतो. त्याच्या आधारावर प्रत्येक खरेदीचा वेगळा ऑर्डर फॉर्म निघतो आणि प्रत्यक्ष संख्या, दर व मुदत तिथे लिहिलेली असते. पुढे दुरुस्तीपत्रे येतात. शिवाय मूळ करारातच ‘संकेतस्थळावरील चालू धोरण लागू राहील’ असे एखादे वाक्य असते आणि त्या एका वाक्याने चाळीस पानांचे वापर-नियम कराराला चिकटतात. हे नियम विक्रेता बदलू शकतो. म्हणून ऑर्डर दिली त्या दिवशी ते पान पीडीएफ करून तारखेसह ठेवणे हा गोषवाऱ्याच्याच कामाचा भाग धरला जातो. दोन वर्षांनी वाद झाला की त्या दिवशी काय लिहिले होते हा प्रश्न हमखास येतो आणि तोवर पान बदललेले असते.

कागद गोळा झाले की आधी शोधायचे ते प्राधान्याचे कलम, म्हणजे दोन कागदांत विसंगती असेल तर कोणाचे खरे धरायचे हे सांगणारे कलम. बहुधा ऑर्डर फॉर्म मूळ करारावर मात करतो, पण नेहमीच नाही. खरेदीदाराच्या पर्चेस ऑर्डरवर छापलेल्या अटींना काहीही किंमत नाही असे बहुतेक विक्रेते स्पष्ट लिहितात, त्यामुळे खरेदी विभागाने पर्चेस ऑर्डरवर हौसेने टाकलेली सवलत गोषवाऱ्यात धरता येत नाही. सगळे कागद तारखेने लावून शेवटच्या दुरुस्तीपासून मागे वाचत जाणे सोयीचे ठरते. मूळ करारापासून सुरुवात केली की त्यातले आकडे डोक्यात बसतात आणि दुरुस्तीने बदललेला आकडा नजरेतून निसटतो.

पुढचे विवेचन एका कल्पित उदाहरणावर आधारले आहे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. उत्पादन आणि साठा यांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तिने सबस्क्रिप्शनवर घेतले आहे. पहिल्या ऑर्डर फॉर्ममध्ये २०० सीट, दर सीटला वर्षाला १८,००० रुपये आणि मुदत १ जुलै २०२४ ते ३० जून २०२७. नंतर १ ऑक्टोबर २०२५ पासून आणखी ४० सीट घेतल्या. या दुसऱ्या खरेदीचे बिल १२ लाख ६० हजारांचे आहे. लेखा विभागाने ते पाहून दर सीटला ३१,५०० रुपये दर लावला की काय, अशी शंका काढली. दर तोच होता. नव्या सीटची मुदत जुन्यांबरोबरच संपावी अशी अट असल्याने बिल एका वर्षाचे नसून जून २०२७ पर्यंतच्या २१ महिन्यांचे होते: महिना १,५०० रुपये, २१ महिने, ४० सीट. गोषवाऱ्यात असा हिशेब एका ओळीत लिहून ठेवला की तो दर वर्षी नव्याने उलगडावा लागत नाही. सर्व ऑर्डर फॉर्ममधील संख्यांची बेरीज ताज्या बिलावरच्या संख्येशी जुळते का, हे पाहणे ही सर्वांत सोपी पडताळणी. जुळत नसेल तर बहुधा एखादा कागद हाती आलेला नाही.

म्हणजे सीट २४०. बरेच गोषवारे इथेच थांबतात आणि तिथेच फसतात. २४० हा आकडा कशाचा आहे हे लिहिल्याशिवाय तो उपयोगाचा नाही. सीट मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत. काही करारांत नावानिशी युजर मोजतात, काहींत एकाच वेळी आत असलेले युजर, काहींत यंत्रे, तर काहींत सर्व्हरच्या प्रोसेसरमधील कोअर. प्रत्येक पद्धतीची व्याख्या करारात असते, बहुधा शेवटच्या पानांवर बारीक टाइपात. ती व्याख्या गोषवाऱ्यात आपल्या शब्दांत न लिहिता मूळ इंग्रजी शब्दांत, कलम क्रमांकासह जशीच्या तशी उतरवावी लागते, कारण पैसे त्या शब्दांवर ठरतात.

चाकणच्या कंपनीच्या करारात युजरची व्याख्या साधारण अशी आहे असे धरू: ज्या व्यक्तीला सॉफ्टवेअर वापरण्याची मुभा दिली आहे ती प्रत्येक व्यक्ती, प्रत्यक्ष वापर केला असो वा नसो, कंत्राटदाराची माणसे धरून, एका युजरची जागा दुसऱ्याला कायमची देता येईल, पण दोघांनी मिळून वापरता येणार नाही. आता प्रणालीत पाहू. गेल्या ९० दिवसांत लॉगिन केलेली खाती १८५ आहेत. व्यवस्थापनाच्या बैठकीत हाच आकडा जातो आणि ५५ सीट फुकट पडून आहेत असा निष्कर्ष निघतो. पण चालू खाती २६१ आहेत. उरलेल्या ७६ मध्ये नोकरी सोडलेल्यांची किंवा बदली झालेल्यांची, बंद न केलेली ४१ खाती, साठा-मोजणीच्या वेळीच येणाऱ्या कंत्राटी माणसांची २३ आणि चाचणीसाठी उघडलेली १२ आहेत. व्याख्या मुभेवर बोलते, वापरावर नाही. त्यामुळे त्याच दिवशी ऑडिटर आला तर तो २१ सीट जादा वापरल्याचे लिहील.

तेवढ्यावरही भागत नाही. शॉपफ्लोअरवर सहा टर्मिनल आहेत आणि प्रत्येकावर एकच लॉगिन तीन पाळ्यांतले तीन कामगार वापरतात. माणसे १८, खाती ६. हे १२ जास्तीचे लोक खात्यांच्या यादीत दिसतच नाहीत, पण व्याख्येप्रमाणे ते युजर आहेत. म्हणजे जादा वापर ३३ सीटचा, विकत घेतलेल्या संख्येच्या १३.७५ टक्के. एकाच करारात, एकाच दिवशी, ५५ सीट जास्त आहेत हेही म्हणता येते आणि ३३ कमी आहेत हेही. जुनी आणि चाचणीची खाती बंद केली, तर व्याख्येप्रमाणे खरी गरज १८५ अधिक कंत्राटी २३ अधिक पाळीतले १२, अशी २२० निघते. गोषवाऱ्यात लिहायचा आकडा हाच. त्याच्यासमोर २४० लिहिला की शिल्लक २० कळते आणि ती खरी असते.

व्याख्येतल्या एका शब्दाची किंमत किती असू शकते हे इंग्लंडमधल्या एका प्रसिद्ध खटल्यात दिसले. डियाजिओ या मद्यनिर्मिती कंपनीने २००४ मध्ये एसएपीशी करार केला होता. त्यात नावानिशी युजर मोजायचे होते. पुढे कंपनीने सेल्सफोर्सच्या व्यासपीठावर दोन प्रणाली उभ्या केल्या. ‘जेन टू’ ही फिरत्या विक्री प्रतिनिधींसाठी होती आणि ‘कनेक्ट’ ही ग्राहकांनी स्वतः ऑर्डर टाकण्यासाठी. पूर्वी ग्राहक कॉल सेंटरला फोन करत आणि तिथला कर्मचारी एसएपीमध्ये नोंद करी. युजर म्हणून तो कर्मचारी मोजला जाई. आता ग्राहकाने वेबवर टाकलेली ऑर्डर मध्यस्थ सॉफ्टवेअरमार्फत एसएपीत पोहोचू लागली. ग्राहकाने एसएपीचा पडदा कधी पाहिलाही नव्हता. पण करारातील शब्द सॉफ्टवेअरपर्यंत प्रत्यक्ष ‘किंवा अप्रत्यक्ष’ पोहोचण्याविषयी होते. एसएपीने सुमारे ५ कोटी ४५ लाख पौंडांचा दावा लावला. फेब्रुवारी २०१७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तत्त्वतः एसएपीच्या बाजूने निकाल दिला. रक्कम किती, हे पुढच्या टप्प्यावर सोडले. मध्यस्थ सॉफ्टवेअरचे लायसन्स घेतले म्हणजे सर्वांना दार उघडले, हा डियाजिओचा युक्तिवाद टिकला नाही. त्यानंतर २०१८ मध्ये एसएपीने अशा अप्रत्यक्ष वापरासाठी माणसांऐवजी ऑर्डर, बिल यांसारखे दस्तऐवज मोजण्याची नवी पद्धत आणली. जुने करार मात्र आपोआप बदलले नाहीत, म्हणून कोणत्या वर्षीच्या अटी लागू आहेत हे गोषवाऱ्याला सांगावेच लागते.

‘अप्रत्यक्ष’ हा शब्द करारात आहे की नाही, एवढी एक नोंद गोषवाऱ्यात असेल तर वेबसाइट, मोबाइल अॅप किंवा दुसरी प्रणाली जोडण्यापूर्वी मॅनेजर थांबून विचारतो. नसेल तर प्रकल्प पूर्ण होतो, कौतुकही होते आणि बिल नंतर येते.

माणसे न मोजता यंत्रे मोजणाऱ्या करारांत गणित वेगळे, पण फसगत त्याच जातीची. ओरॅकलच्या एंटरप्राइज डेटाबेसचे उदाहरण घेता येईल. एका सर्व्हरमध्ये दोन चिप आणि प्रत्येकीत ८ कोअर असले तर एकूण कोअर १६. ओरॅकलच्या कोष्टकात इंटेलच्या नेहमीच्या चिपसाठी गुणक ०.५ आहे, म्हणून लायसन्सच्या भाषेतले प्रोसेसर ८. युजर मोजून घ्यायचे ठरवले तरी दर प्रोसेसरमागे किमान २५ युजर घ्यावेच लागतात. कंपनीत डेटाबेस वापरणारे फक्त ६० असले तरी लायसन्स २०० चे लागते. गोषवाऱ्यात ‘६० युजर’ लिहिणारा चुकत नाही, पण निम्मेच सांगतो. किमान मर्यादेचा नियम लिहिला नाही तर दोन वर्षांनी जास्त कोअरचा नवा सर्व्हर आल्यावर ही किमान संख्या मुकाट्याने वाढते आणि युजर एकही वाढलेला नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावासाठी आणलेले सबस्क्रिप्शन याहून पुढे गेले. त्यात जावा किती जण वापरतात हा प्रश्नच नाही. मोजायचे ते एकूण कर्मचारी. अर्धवेळ, तात्पुरते आणि कंपनीच्या अंतर्गत कामाला हातभार लावणाऱ्या कंत्राटदारांची माणसेसुद्धा. अशा लायसन्सची संख्या आयटी विभागाच्या हातातच राहत नाही. ती मनुष्यबळ विभागाच्या भरतीबरोबर वाढते, आणि गोषवाऱ्यात तसे स्पष्ट लिहावे लागते.

तारखांचा भाग त्या मानाने सरळ दिसतो, पण सर्वाधिक पैसे नकळत जातात ते इथेच. ‘मुदत ३० जून २०२७’ ही नोंद बरोबर असूनही फारशी कामाची नाही. कामाची तारीख ही नकार कळवण्याची शेवटची तारीख. समजा, चाकणच्या करारात मुळात ३० दिवसांची सूचना पुरेशी होती, पण दुरुस्तीपत्राने ती ९० दिवसांची केली. सूचना आली नाही तर करार आणखी तीन वर्षांसाठी आपोआप वाढेल आणि दर ७ टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, अशीही अट आहे. ३० जूनपासून ९० दिवस मागे मोजले की १ एप्रिल २०२७ येतो. ‘किमान ९० दिवस आधी’ या शब्दांत शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा यावर वाद घालत बसण्यापेक्षा गोषवाऱ्यात ३१ मार्च लिहिलेला बरा. आणि ३१ मार्चला लेखा विभागात वर्षअखेरीची धावपळ असते. त्या दिवशी कोणी सही करणार नाही. म्हणून व्यवहारातली तारीख आणखी मागे न्यावी लागते. प्रत्यक्ष वापराची मोजणी नोव्हेंबरमध्ये, विक्रेत्याशी बोलणी जानेवारीत आणि निर्णय फेब्रुवारीत, असे कॅलेंडर गोषवाऱ्यासोबतच बनते.

तारीख चुकली तर काय होते, तेही मोजता येते. दर ७ टक्क्यांनी वाढून १९,२६० रुपये होतो. २४० सीटचे वर्षाचे बिल ४६,२२,४०० रुपये. गरज २२० ची असेल, तर जादा २० सीटवर वर्षाला ३,८५,२०० आणि तीन वर्षांत ११,५५,६०० रुपये जातात. मुदतीच्या मध्ये सीट कमी करता येत नाहीत, ही अट सबस्क्रिप्शनच्या करारांत सर्रास आढळते. वाढवता कधीही येतात. त्यामुळे संख्या कमी करण्याची खिडकी तीन वर्षांत एकदा उघडते आणि तिची तारीख चुकवणे परवडत नाही.

सूचना कशी द्यायची, हेही तारखेइतकेच महत्त्वाचे. काही करारांत ईमेल चालते, काहींत ठरावीक पत्त्यावर कुरिअरने गेलेले पत्रच ग्राह्य असते, आणि ती पाठवल्याच्या दिवशी नव्हे तर पोहोचल्याच्या दिवशी लागू होते. रिसेलरच्या प्रतिनिधीला व्हॉट्सॲपवर कळवले, त्यानेही ‘नोटेड’ म्हटले, एवढ्यावर निर्धास्त राहिलेल्या कंपन्यांचे अनुभव चांगले नाहीत. करार रिसेलरशी नसून मूळ विक्रेत्याशी असतो. गोषवाऱ्यात तारखेशेजारी पत्ता आणि माध्यम लिहिलेले असले की सूचना योग्य दारात पोहोचते.

तपासणीच्या हक्काबद्दल ‘विक्रेता ऑडिट करू शकतो’ असे लिहून बरेच जण मोकळे होतात. हे जवळजवळ प्रत्येक करारात असते, त्यामुळे त्यातून काही कळत नाही. कळायला हवे ते असे: किती दिवसांची लेखी सूचना, वर्षातून किती वेळा, तपासणारा विक्रेता स्वतः की स्वतंत्र लेखापरीक्षक, काय काय दाखवावे लागेल, आणि कमतरता निघाली तर कोणत्या दराने किती दिवसांत पैसे. ओरॅकलच्या प्रमाणित करारात ४५ दिवसांच्या लेखी सूचनेनंतर तपासणी होते आणि निघालेली रक्कम कळवल्यापासून ३० दिवसांत भरावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या ग्राहकांच्या करारात सूचना ३० दिवसांची, आणि लायसन्सविना वापर एकूण वापराच्या ५ टक्के किंवा जास्त निघाला तर तपासणीचा खर्चही ग्राहकावर पडतो आणि लागणारी लायसन्से तेव्हाच्या दराच्या १२५ टक्क्यांनी घ्यावी लागतात. अशी टक्केवारी करारात असेल तर गोषवाऱ्यात तिच्याशेजारी आजची स्थिती लिहिणे शहाणपणाचे. चाकणच्या करारात ५ टक्क्यांची रेषा आहे असे धरले, तर २४० वर ती १२ सीटवर येते आणि साफसफाईआधीचा ३३ चा आकडा तिच्या बराच पलीकडे जातो.

यातला एक बारीक धागा नवख्या वाचकाच्या हाती लागत नाही. विक्रेत्याकडून येणारे प्रत्येक पत्र करारातल्या कलमाखालचे ऑडिट नसते. ‘लायसन्स आढावा’ किंवा ‘वापर सल्ला’ अशा नावाने मैत्रीपूर्ण ईमेल येते, सोबत एक एक्सेल असते आणि ती भरून पाठवण्याची विनंती असते. तिला करारातल्या मुदती आणि संरक्षण लागू आहे की नाही हे तपासायचे तर पत्रात कलमाचा उल्लेख आहे का, हे पाहावे लागते. उल्लेख नसेल तर उत्तर देणे बहुधा ऐच्छिक असते, आणि भरलेली माहिती मात्र पुढे पुरावा म्हणून उभी राहते. म्हणून गोषवाऱ्यात ऑडिट कलमाचा क्रमांक आणि ‘पत्र आल्यावर आधी कायदा विभागाला दाखवावे’ ही सूचना शेजारीशेजारी असतात. उलटपक्षी औपचारिक सूचना आल्यावर घाईने खाती पुसून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग. प्रणालीच्या नोंदीत जुनी खाती दिसतातच, काही करार एका दिवसाऐवजी त्या काळातली कमाल संख्या मोजतात, आणि पुसापुशीचा अर्थ लपवाछपवी असा लावला जातो. साफसफाई करायची ती सूचना येण्यापूर्वी, दर तिमाहीला, नोकरी सोडणाऱ्यांच्या यादीशी ताडून.

वापराच्या मर्यादा करारात एका जागी नसतात. त्या विखुरलेल्या असतात आणि वेचून काढाव्या लागतात. कोणत्या कंपनीने वापरायचे, हा पहिला प्रश्न. लायसन्स एका नोंदणीकृत कंपनीच्या नावावर असते, समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या नव्हे. चाकणच्या कंपनीने होसूरला वेगळी कंपनी काढून तोच सर्व्हर तिला वापरायला दिला, तर करारात ‘संलग्न कंपन्या’ धरल्या आहेत की नाही यावर सर्व अवलंबून राहते, आणि संलग्न म्हणजे भागभांडवल किती टक्के, हेही व्याख्येत पाहावे लागते. त्यानंतर देश, चाचणीच्या सर्व्हरवर वेगळे लायसन्स लागते का, बॅकअपचा सर्व्हर चालू ठेवता येतो का, कंत्राटदाराला प्रवेश देता येतो का. प्रत्येकाचे उत्तर होय, नाही किंवा ‘करारात उल्लेख नाही’. हे तिसरे उत्तर लिहायला लोक कचरतात आणि रकाना रिकामा सोडतात. पण रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘पाहिलेच नाही’ असाही होतो, त्यामुळे शोधून सापडले नाही हे स्पष्ट नोंदवणे गरजेचे आहे.

काही मर्यादा बंधनाच्या रूपात न येता सवलतीच्या अटीच्या रूपात येतात, आणि त्या जास्त धोक्याच्या. आयबीएमचे अनेक प्रोग्राम आभासी सर्व्हरवर चालवले तर संपूर्ण यंत्राऐवजी त्या आभासी सर्व्हरला दिलेल्या क्षमतेपुरतेच लायसन्स घेण्याची मुभा मिळते. तिच्यासाठी आयबीएमचे मोजणीचे साधन ९० दिवसांत बसवावे लागते, दर तिमाहीला किमान एक अहवाल काढावा लागतो आणि अहवाल दोन वर्षे जपावे लागतात. साधन बसवलेच नाही किंवा मध्ये बंद पडून कोणाच्या लक्षात आले नाही, तर सवलतीचा हक्क जातो आणि पूर्ण यंत्राच्या क्षमतेवर हिशेब होतो. ३२ कोअरच्या यंत्रावर ४ कोअरचा आभासी सर्व्हर असेल तर फरक आठपट. अशी अट गोषवाऱ्यात ‘मर्यादा’ या सदराखाली पडून राहिली तर उपयोग नाही. ती कामाच्या यादीत, जबाबदार माणसाच्या नावासह आणि तिमाहीच्या तारखेसह जायला हवी.

कराराबाहेरचे कागद हा आणखी एक तिढा. सर्व्हरचे आभासी विभाजन लायसन्ससाठी कधी मान्य होते, याबद्दल ओरॅकलचे एक धोरणपत्रक आहे. व्हीएमवेअरवर डेटाबेस चालवणाऱ्यांकडून संपूर्ण समूहातल्या सर्व यंत्रांचे पैसे मागताना त्याच पत्रकाचा आधार घेतला जातो. त्या पत्रकावरच मात्र ते केवळ माहितीसाठी असून कोणत्याही कराराचा भाग नाही, असे छापलेले आहे. अशा वेळी गोषवारा काढणाऱ्याने बाजू घ्यायची नसते. कराराचे शब्द एका रकान्यात, विक्रेत्याचे धोरण दुसऱ्यात आणि कंपनीच्या वकिलाचे मत तिसऱ्यात लिहिले की मॅनेजरला धोका कुठे आहे ते दिसते. मजकूर आणि त्याचा लावलेला अर्थ एकाच वाक्यात मिसळला, तर पुढचा माणूस अर्थालाच मजकूर समजतो.

या सर्वांतून चाकणच्या कंपनीच्या सीटची एक नोंद अशी तयार होते:

सीट: २४० (ऑर्डर १ – २००, ऑर्डर २ – ४०). मोजणी: नावानिशी युजर, मुभा दिलेला प्रत्येक जण, कंत्राटी धरून, व्याख्या मूळ शब्दांत सोबत जोडली आहे. एका खात्यावर एकच व्यक्ती. अप्रत्यक्ष वापर: करारात उल्लेख नाही. मुदतीत कमी करता येत नाहीत. आजची गरज: २२०, पाळीतल्या १२ जणांसाठी स्वतंत्र खाती उघडल्यानंतर. आधार: मूळ कराराचे व्याख्यांचे कलम, दोन्ही ऑर्डर फॉर्म. पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण गोषवारा जुना होतो तो तिच्यामुळेच कळतो. नवा ऑर्डर फॉर्म, दुरुस्तीपत्र, कंपनीचे विलीनीकरण, सर्व्हर बदल किंवा विक्रेताच दुसऱ्याने विकत घेणे, यांपैकी काहीही घडले की नोंद पुन्हा पाहावी लागते. दुसऱ्या माणसाने मूळ कागद घेऊन फक्त तारखा आणि संख्या स्वतंत्रपणे पुन्हा काढाव्यात आणि मग ताडाव्यात, ही पद्धत सर्वांत भरवशाची. तयार गोषवारा समोर ठेवून ‘बरोबर आहे का’ असे विचारले की बहुतेक लोक हो म्हणतात.

करार संपला म्हणून गोषवाराही लगेच काढून टाकता येत नाही. अनेक करारांत सॉफ्टवेअर काढून टाकल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तपासणीचा हक्क मुदत संपल्यावरही काही काळ, सहसा एक-दोन वर्षे, चालू राहतो. तो काळ कधी संपतो ती तारीख गोषवाऱ्यात शेवटची नोंद म्हणून येते. तोवर जुन्या ऑर्डर फॉर्मच्या प्रती, खाते-यादीचा त्या दिवशीचा उतारा आणि सूचना पोहोचल्याची पावती एकाच फाइलमध्ये राहतात.